दह्याच्या बाजूचं पाकीट

बेटा,

तुझं भाषण वाचलं, दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा ओसरीवर मोठ्याने, तेव्हा शेजारचा पोरगा थांबून ऐकत होता म्हणजे विषय समजतोय असं धरायला हरकत नाही. गुलाबी बोंडअळीचा भाग पक्का आहे, डोमकळीचं वर्णन तर मस्तच जमलंय, त्याला हात लावू नको. घोळ आहे तो तू पेनाने बाजूला "इथे हशा" असं लिहिलंयस त्या तीन जागांवर, त्याबद्दलच लिहितो.

आधी मांडवात कोण बसणार ते डोळ्यासमोर आण. पोळ्याच्या आधीचा मेळावा, म्हणजे कापूस फुलावर आलेला. पहिल्या रांगेत सरपंच, ग्रामसेवक, कृषी सहायक, त्यांच्या बाजूला कृषी केंद्रवाला कारण चहा त्याच्याकडून आहे. डावीकडे सतरंजीवर बचत गटाच्या बाया, तीस-चाळीस तरी. मागे म्हातारी मंडळी, आणि सगळ्यात मागे खांबाला टेकून मोबाइल घेतलेली कॉलेजची पोरं. तुझा एक विनोद या सगळ्यांच्या कानावर एकाच वेळी पडणार आहे, आणि हे लोक एकमेकांना जन्मापासून ओळखतात, ओळखत नाहीत ते फक्त तुला.

आता कामगंध सापळ्याचा विनोद. तू लिहिलंय, "सापळ्यात मादीचा वास असतो, बिचारा नर पतंग त्या वासाने येतो आणि फसतो, आपल्या गावातही असे पतंग असतीलच!" बेटा, हा विनोद तुझा नाहीच. कामगंध सापळा दाखवणारा प्रत्येक माणूस हाच विनोद करतो, मीही केलाय, आणि मागची पोरं शिट्टी मारतात म्हणून वाटतं की जमला. पण तेव्हा डावीकडे पाहायचं असतं. बाया पदर सावरतात आणि खाली पाहतात, कारण सासरा मागे बसलेला असताना यावर हसायचं की नाही हे त्यांना ठरवावं लागतं आणि तू त्यांना उगाच त्या पेचात टाकलंस. दुसरं म्हणजे तू "गावातही असे पतंग" म्हणालीस तेव्हा तुझ्या डोक्यात कोणी नव्हतं, पण गावाच्या डोक्यात लगेच एक नाव येतं, कधी दोन. दीड हजाराच्या वस्तीत मोघम विनोद असा नसतोच, तो कोणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो. त्या माणसाची बायको कदाचित सतरंजीवरच बसलेली असेल.

दुसरी जागा, गॉसिप्लूर. सापळ्यातल्या गंधाचं नाव खरंच ते आहे आणि "नावातच गॉसिप आहे" हे मला पण हसवून गेलं. पण ते हसू इंग्रजी कळणाऱ्या दहा-बारा जणांचं, बाकीचे आजूबाजूला पाहतील की काय झालं, आणि एखाद्या म्हाताऱ्याला वाटेल आपल्यालाच हसताहेत. काढून टाक. नावसुद्धा सांगायची गरज नाही, "ल्यूर" म्हटलं की कृषी केंद्रात बरोबर वस्तू मिळते.

तिसरी जागा मला सगळ्यात जास्त खटकली. सगळं भाषण तू छान पुस्तकी मराठीत लिहिलंस, तुझी नाशिककडची भाषा आहे, ठीकच आहे, लोकांना चालते. पण त्यात एक शेतकरी येतो जो फवारणीचं वेळापत्रक विसरतो, आणि तेवढा एकच माणूस "कायले बे, काऊन बे" असं बोलतो. म्हणजे शहाणे सगळे पुस्तकी बोलतात आणि येडा तेवढा वऱ्हाडी! तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे, पण मांडवात हे पहिल्या सेकंदाला कळतं, कोणी बोलून दाखवणार नाही, फक्त हाताची घडी घातली जाईल. आमच्याकडच्या भाषेला हसू आहेच, आम्ही स्वतः तिच्यावर हसतो, पण बाहेरून आलेल्या माणसाने तिची नक्कल केली की ती चेष्टा होते. वऱ्हाडी वाक्य वापरायचंच असेल तर शहाण्या माणसाच्या तोंडी दे. पुढे सांगतो कोणाच्या.

तू विचारशील की इथे पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात त्यात तर सावकारापासून सरकारपर्यंत कोणालाच सोडत नाहीत, मग मी का जपून बोलायचं. बरोबर आहे, पण झडती म्हणणारा बैलाचा कासरा धरून खाली उभा असतो आणि ज्याच्यावर म्हणतो तो वरचा असतो. माइक तुझ्या हातात आहे, मागे बॅनर आहे, गळ्यात ओळखपत्र आहे. त्या दिवशी वरची तू आहेस. म्हणून विनोद तुझ्या स्वतःवरच आलेला बरा, आणि तसला एक तुझ्याकडे तयार पडलाय, तो तू भाषणात घेतलाच नाहीस!

मागच्या महिन्यात चहा पिताना तू मला सांगितलंस ना, की तू पहिल्यांदा सापळे लावले, रोज सकाळी जाऊन मोजले, आठवडाभर शून्य पतंग, आणि तू चार शेतकऱ्यांना सांगूनही टाकलं की या शिवारात बोंडअळी नाही, आणि मग घरमालकीण काकूने विचारलं की फ्रीजमध्ये ते पाकीट कशाचं. ल्यूर आतच राहिले होते. हा घे तुझा विनोद. तो खरा आहे, तुझ्यावर आहे, आणि त्यात सापळ्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्टही आहे.

फक्त लिहिताना एक काळजी घे. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विनोदाचा शब्द त्याच्या आधी दबून जातो. तू सहज लिहिशील, "नंतर माझ्या लक्षात आलं की ल्यूरचं पाकीट फ्रीजमध्ये दह्याच्या बाजूला तसंच राहून गेलेलं होतं." यात हसायची जागा "दह्याच्या बाजूला" ही आहे आणि त्यानंतर चार शब्द आहेत, तोपर्यंत हसू येऊन विरतं. बोलताना आपण असं बोलत नाही, तुकडे करतो. असं लिही:

"मी दोन सापळे लावले. सात दिवस मोजले. पतंग किती? शून्य. मी गावात सांगत सुटले, आपल्याकडे बोंडअळी नाही! आठव्या दिवशी काकू म्हणाल्या, 'पोरी, फ्रीजात हे चंदेरी पाकीट कायचं वं? दह्याचा वास लागला त्याले.' ते होतं ल्यूर. सापळा शेतात, ल्यूर दह्याच्या बाजूला."

इथे थांब. कागदावर दोन आडव्या रेघा मार आणि मनात एक-दोन-तीन मोज. हसले तर हसू उतरू दे, त्याच्यावर बोलू नको, नाहीतर पुढचं वाक्य वाया जातं. नाही हसले तर तीन झाल्यावर सरळ पुढे जा, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, आणि "अरे हसा की" असं तर मुळीच म्हणायचं नाही. म्हणूनच विनोद असा लिहायचा की हसू आलं नाही तरी तो माहिती म्हणून उभा राहतो. पुढचं वाक्य असं ठेव: "म्हणून नुसता सापळा टांगून होत नाही. आत ल्यूर घाला, पाकिटावर लिहिलेत तेवढ्या दिवसांनी बदला. एकरी दोन सापळे, रोज सकाळी मोजायचे. एका सापळ्यात रात्रीला 8 किंवा त्यापेक्षा जास्त पतंग, असं सलग 3 रात्री झालं, तर फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ आली." हे आकडे हसण्याच्या लगेच मागे आले की कानात राहतात, कारण त्या क्षणी मागची पोरंसुद्धा मान वर करून असतात. म्हणून विनोद सुरुवातीला स्वागताच्या वेळी वाया घालवू नको, तेव्हा अर्धे लोक खुर्च्या सरकवत असतात. आणि वऱ्हाडी वाक्य आता कोणाकडे गेलं ते पाहिलंस ना? काकूकडे, आणि मांडवात सगळ्यात शहाणी तीच ठरते. सतरंजीवरच्या बाया इथे सगळ्यात आधी हसतील बघ.

फवारणीचा भाग मात्र कोरडाच ठेव. हे मी स्वतः मार खाऊन सांगतोय. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी एका गावात मी हातमोजे-मास्कबद्दल बोलत होतो आणि जरा वातावरण हलकं करावं म्हणून म्हणालो, "औषध घेताना लेबल वाचा, नाहीतर अळी राहील आणि तुम्ही जाल." आधी लिहून नेलेलं वाक्य होतं, सुचलेलं नव्हतं, हे जास्त लागतं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. दुसऱ्या रांगेतला एक माणूस उठला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि निघून गेला. नंतर कळलं, त्याच्या धाकट्या भावाने औषध घेतलं होतं. आपल्याकडे "औषध घेतलं" याचा दुसरा अर्थ काय होतो ते मला माहीत नव्हतं असं नाही, लिहिताना मी फक्त अळीचाच विचार करत होतो. त्या दिवसापासून मी भाषणात नेहमी "फवारणीचं औषध" असा पूर्ण शब्द लिहितो आणि त्याच्या आगेमागे विनोद ठेवत नाही. कर्ज, दारू आणि पोरीच्या लग्नाचा खर्च हे तिन्ही पण त्याच खात्यात. यांवर हशा मिळतो, नाही असं नाही, पण कापसाच्या पट्ट्यात मांडवातल्या कोणाच्या घरात यातलं काय चालू आहे ते तुला माइकवरून दिसत नाही.

पाहुण्यांवर पण काही नको. उशिरा आले म्हणून टोमणा मारायचा मोह होईल, उन्हात बसलेले लोक टाळ्याही वाजवतील, पण नंतर ते सरपंचाला निस्तरावं लागतं.

वीस मिनिटांत एवढा एकच विनोद पुरे आहे का, असं तुला वाटेल. अजून एक हवा असेल तर डोमकळीजवळ टाक, पण तोही तुझ्याच फजितीचा, आणि लिहिल्यावर मित्रमैत्रिणींना वाचून दाखवू नको, ते तुझ्यासाठी हसतात. बचत गटातली एखादी बाई आणि एखादा म्हातारा शेतकरी, दोघांना वेगवेगळं बसवून वाच. एकत्र बसवलं तर एक दुसऱ्याकडे पाहून हसतो आणि तुला काही कळत नाही. वाचताना कागदाकडे कमी, तोंडाकडे जास्त पाहा. हसण्याआधी डोळे इकडेतिकडे गेले की समज, हा माणूस कोणी पाहतंय का ते तपासतोय, म्हणजे ते वाक्य काढायचं.

प्रिंट मोठ्या अक्षरात काढ, लाइट गेली तर मांडवात अंधार होतो. आणि आज रात्रीच काकूला विचार की तुमचं वाक्य भाषणात घेऊ का. नाही म्हणाल्या तर "आमच्या घरात कोणीतरी" असं कर. हो म्हणाल्या तर त्यांना पहिल्या रांगेत बसवू नको, लाजतील, मधे कुठेतरी बसू दे, आणि वाक्य म्हणताना त्यांच्याकडे पाहू नको.

तुझा,
काका