सेल्सकडून आलेलं कोटेशन सही करण्याआधी कसं वाचायचं

प्रश्न: "नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आमचं गाड्या ट्रॅक करण्याचं सॉफ्टवेअर आहे. नकाशावरून पत्ता काढून देणाऱ्या सेवेचा साधा प्लॅन आता पुरत नाही. वरच्या प्लॅनला किंमतच लिहिलेली नाही, 'सेल्सशी बोला' एवढंच आहे. बोललो, तर चार पानी कोटेशन आलं. यात नेमकं काय असतं, आणि कुठे लक्ष द्यायचं?"

उत्तर: सेल्सवाल्याने पहिल्या फोनवर तुम्हाला "महिन्याला किती कॉल होतील?" असं विचारलं असेल. कॉल म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरने त्यांच्या सेवेकडे एकदा पत्ता मागणं. तुम्ही सांगितलेल्या आकड्यावरच ती चारही पानं उभी असतात. आम्ही पहिल्या वर्षी इथेच चुकलो, म्हणून आधी तेच सांगतो.

आमचं बरंचसं काम संत्र्याच्या गाड्यांचं. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर, मग मृगाचा फेब्रुवारीपासून, आणि मधले महिने थंड. भर सीझनमध्ये महिन्याला 60 लाख कॉल व्हायचे, एरवी 25 लाख. "कमी पडायला नको" म्हणून आम्ही 60 लाख सांगून मोकळे झालो. कोटेशन आलं ते दर महिन्याला किमान 60 लाख कॉल, 4 पैसे दराने, 12 महिने. वापरा अथवा नका वापरू, पैसे द्यायचेच. याला कमिट म्हणतात.

आता हिशेब बघा. वर्षातले पाच महिने 60 लाख आणि सात महिने 25 लाख, म्हणजे प्रत्यक्ष वापर 4 कोटी 75 लाख कॉल. त्याचे 19 लाख रुपये होतात. आम्ही मात्र 7 कोटी 20 लाख कॉलचे, म्हणजे 28 लाख 80 हजार भरले. थंड महिन्यांत उरलेले कॉल पुढच्या महिन्यात जात नव्हते, महिना संपला की ते बुडाले.

दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी मागितल्या आणि दोन्ही मिळाल्या. कमिट महिन्याचा न ठेवता वर्षाचा एकच साठा करून घेतला, आणि तोही अंदाजाच्या 80 टक्के, म्हणजे 3 कोटी 80 लाख कॉल. त्यावरच्या वापराला, म्हणजे ओव्हरेजला, त्यांनी 5 पैसे दर लावला. तो पूर्ण धरूनही बिल 20 लाखांच्या आत राहिलं. म्हणून कोटेशनमध्ये ओव्हरेजचा दर लिहिलेला नसेल तर आधी तो लिहून घ्या. दर नसला की हद्द ओलांडल्यावर ते सांगतील तो भाव.

आता लिमिट. कोटेशनमध्ये लिमिट दोन असतात आणि लोक एकच बघतात. एक महिन्याचं, दुसरं सेकंदाचं. 60 लाख कॉल 26 दिवसांत आणि दिवसाच्या 10 तासांत वाटले तर सेकंदाला साडेसहासुद्धा येत नाहीत. त्यामुळे सेकंदाला 10 चं लिमिट ऐकून आम्ही निश्चिंत होतो. पण गाड्या सारख्या अंतराने कॉल करत नाहीत. पहाटे कळमना मार्केटकडे निघालेल्या गाड्या रेंज नसलेल्या पट्ट्यातून बाहेर आल्या की साठलेली सगळी लोकेशन एकदम पाठवतात. त्या एका सेकंदात 40-50 कॉल जायचे आणि `HTTP 429`, म्हणजे "फार कॉल येताहेत, थांबा" असा नकार, यायला लागायचं. महिन्याचा कोटा अर्धासुद्धा संपलेला नव्हता, तरी मालकांच्या स्क्रीनवर पत्त्याच्या जागी रिकामी ओळ. 429 दिसला आणि महिन्याचा वापर कमी असला, तर दुखणं सेकंदाच्या लिमिटचं आहे हे ओळखा.

सेल्सला उत्तर देण्याआधी स्वतःचा लॉग मोजा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सेकंदापर्यंतची वेळ असेल, तर एवढं पुरतं:

```
cut -d' ' -f1 api.log | sort | uniq -c | sort -rn | head
```

सर्वांत गर्दीचे दहा सेकंद समोर येतात. सीझनमधल्या दिवसाचा लॉग घ्या, आजचा नको. मग त्या आकड्याला साजेसं सेकंदाचं लिमिट मागा. ते वाढवून द्यायला त्यांना सहसा फार जड जात नाही, कारण एकूण कॉल तेवढेच राहतात. सोबत तुमच्या बाजूने कॉल रांगेत लावून थोडे थोडे सोडा. ते काम कुठलाही प्लॅन तुमच्यासाठी करणार नाही.

सपोर्टचं पान मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातले शब्द सरळ दिसतात आणि तसे नसतात. "चार तासांत प्रतिसाद" म्हणजे चार तासांत कुणीतरी माणूस तिकिटाला, म्हणजे तुम्ही नोंदवलेल्या तक्रारीला, उत्तर देईल. दुरुस्तीची वेळ त्यात धरलेली नसते, आणि तिची हमी फार थोडे देतात. शिवाय ते तास बहुधा त्यांच्या कामकाजाचे. समजा सपोर्ट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आहे. तिथले सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. शनिवारी सकाळी 10 वाजता तुम्ही तिकीट टाकलं, तेव्हा तिथे शुक्रवारची रात्र आहे. घड्याळ सुरू होणार सोमवारी रात्री साडेनऊला, आणि "चार तास" भरणार मंगळवारी पहाटे दीडला. म्हणजे कराराप्रमाणे ते वेळेतच आहेत, आणि तुमचे तीन दिवस गेले.

चोवीस तासांचा सपोर्ट बहुतेक फक्त सर्वांत गंभीर तिकिटाला, म्हणजे पी-वनला असतो. त्याची व्याख्या वाचा. "सेवा पूर्ण बंद" असं लिहिलेलं असेल तर आमच्यासारखी गत होते. एका अपडेटनंतर विदर्भातल्या खेड्यांचे पत्ते रिकामे यायला लागले, मोठ्या शहरांचे व्यवस्थित. सेवा चालू होती, म्हणून त्यांनी तिकीट खालच्या पायरीवर टाकलं. आता आम्ही व्याख्येत एक वाक्य घालून घेतो: ग्राहकाचं मुख्य काम थांबलं आणि दुसरा मार्ग नसला, तर ते पी-वन. सेवा किती वेळ चालू राहील याची टक्केवारीही याच पानावर असते. 99.9 टक्के म्हणजे 30 दिवसांच्या महिन्यात साधारण 43 मिनिटं बंद राहायची मुभा. त्याहून जास्त बंद राहिली तर भरपाई पुढच्या बिलातली सूट म्हणून मिळते, आणि बहुतेक करारांत ती ठरलेल्या मुदतीत तुम्हालाच मागावी लागते.

मुदतीचं थोडक्यात. किमान 12 महिने नेहमीचेच, तीन वर्षांना दर कमी सांगतात. पहिल्याच करारात तीन वर्षं घेऊ नका, तुमचा सीझनचा आलेख अजून एकदाही पूर्ण मोजलेला नाही. मधेच सोडता येत नाही हे धरूनच चला. किंमत डॉलरमध्ये आहे की रुपयांत, 18 टक्के जीएसटी धरून की वेगळा, वर्षाचे पैसे आगाऊ की तिमाहीला, हे विचारून घ्या. आगाऊ रक्कम छोट्या कंपनीला दरापेक्षा जास्त जाचते.

आपोआप नूतनीकरणाचं कलम मात्र शोधून काढा, ते सहसा कोटेशनमध्ये नसतं, सोबतच्या मुख्य करारात असतं. 60 दिवस आधी लेखी कळवलं नाही तर आणखी एक वर्ष, तेही वाढीव दराने, असं त्यात सापडेल. करार 31 मार्चला संपत असेल तर तुमची खरी तारीख जानेवारीच्या अखेरीस आहे. दरवाढीला टक्क्यांची कमाल मर्यादा आत्ताच मागा, पुढच्या वर्षी मागायला हातात काही उरत नाही.

आणि फोनवर सेल्सवाला जे "हो, करून देऊ" म्हणाला, ते सगळं ऑर्डर फॉर्मवर आलं का ते ओळीने ताडून बघा. आमच्याशी बोललेला माणूस चार महिन्यांत दुसरीकडे गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या बाईंकडे फक्त सही झालेला कागद होता. तुमच्या कोटेशनमधली कमिटची आणि पी-वनच्या व्याख्येची ओळ, कंपनीचं नाव काढून, इथे टाका. बघून सांगतो.