ध्वनिचित्रित पाठांचे दुवे : शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे

मी मेळघाटातील एका आश्रमशाळेत शिकवते. पाठाचा व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवला की तो फक्त माझ्या वर्गातील मुलांनाच दिसेल ना? की ‘प्रायव्हेट’ ठेवणे योग्य?

अनलिस्टेड व्हिडिओ शोधून सापडत नाही आणि चॅनेलच्या व्हिडिओंच्या यादीतही येत नाही. पण ज्याच्या हाती दुवा आहे तो कोणीही, गूगलचे खाते नसले तरी, तो पाहू शकतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात टाकलेला दुवा कोण्या मावसभावाला पुढे गेला, तर त्यालाही तो उघडेल, आणि त्याने तो आणखी पुढे पाठवल्याचे आपल्याला कळणारही नाही. म्हणजे अनलिस्टेड व्हिडिओ नजरेआड असतो, पण कुलूपबंद नसतो.

प्रायव्हेट व्हिडिओसाठी आपल्याला प्रत्येक प्रेक्षकाचा ईमेल पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याने त्याच खात्याने फोनवर प्रवेश केलेला असावा लागतो. आपल्या भागात घरातला एकच फोन दिवसभर वडिलांबरोबर शेतावर असतो आणि तो मुलांच्या हाती संध्याकाळी पडतो. त्या फोनवरचे खाते बहुधा दुकानदाराने काढून दिलेले असते आणि त्याचा पत्ता घरात कोणाला ठाऊक नसतो. अशा परिस्थितीत प्रायव्हेटचा मार्ग पहिल्याच आठवड्यात बंद पडेल. त्यामुळे दुवा अनलिस्टेडच ठेवावा, मात्र तो बाहेर गेला तरी कोणत्याही मुलाचे नुकसान होणार नाही अशा रीतीने पाठ चित्रित करावा.

यासाठी फोन स्टँडवर लावून चौकटीत फळा आणि शिक्षक एवढेच घ्यावे, हजेरी सुरू असताना चित्रीकरण करू नये आणि उत्तर चुकलेल्या मुलाला पाठात नावाने हाक मारू नये. मुलांचे चेहरे किंवा आवाज येणारच असतील, तर पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे, त्यामुळे दहावीचा विद्यार्थीही त्यात येतो.

मी सगळे पाठ अनलिस्टेडच ठेवले होते, तरी शेजारच्या गावातील एका पालकाला ते माझ्या चॅनेलवर दिसले. हे कसे झाले?

बहुतेक वेळा याचे कारण प्लेलिस्ट असते. व्हिडिओची दृश्यता वेगळी आणि प्लेलिस्टची वेगळी, आणि दोन्ही स्वतंत्रपणे ठरवाव्या लागतात. आपले व्हिडिओ अनलिस्टेड असले तरी ते ज्या प्लेलिस्टमध्ये जोडले ती Public राहिली असेल, तर ती चॅनेलवर दिसते आणि तिच्यातून व्हिडिओही उघडतात. शिवाय अनलिस्टेड व्हिडिओ कोणत्याही सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये गेला, की तो यूट्यूबच्या शोधातही येऊ शकतो.

आपली प्लेलिस्ट उघडून तिच्या संपादनात दृश्यता Unlisted करावी. नंतर खात्यातून बाहेर पडून किंवा दुसऱ्याच्या फोनवरून आपले चॅनेल उघडून खात्री करून घ्यावी. स्वतःच्या खात्यातून आपल्याला आपले सगळेच दिसते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरी शक्यता अशी, की दुवा मिळालेल्या कोणीतरी तो व्हिडिओ स्वतःच्या सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये साठवला असेल. तसे असेल तर आपली प्लेलिस्ट दुरुस्त करून उपयोग होणार नाही. तो व्हिडिओ Private करावा, म्हणजे त्या दुव्याने तो कोणालाच उघडणार नाही. नंतर तोच पाठ पुन्हा चढवावा. त्याला नवा दुवा मिळतो.

दर वेळी व्हिडिओचा दुवा गटात टाकतो, पण महिन्याभराने मुले म्हणतात, ‘सर, लिंक सापडत नाही.’ शिवाय एका पाठात माझ्याकडून चूक झाली आहे. तो बदलायचा तर सगळ्यांना पुन्हा दुवा पाठवावा लागेल का?

व्हिडिओचा दुवा पाठवण्याची सवयच बदलावी आणि फक्त प्लेलिस्टचा दुवा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. पुन्हा चढवला की नवा दुवा तयार होतो. प्लेलिस्टचे तसे नाही. तिच्यातील व्हिडिओ काढता, जोडता आणि वरखाली करता येतात आणि तिचा स्वतःचा दुवा तोच राहतो.

आपलाच विषय घेऊन पाहू. दहावीच्या गणित भाग १ मधील ‘वर्गसमीकरणे’ या प्रकरणाचे सात छोटे पाठ आपण एका अनलिस्टेड प्लेलिस्टमध्ये ठेवले आणि तिचा दुवा वर्गाच्या गटाच्या माहितीत, म्हणजे वरच्या वर्णनात, एकदाच लिहिला. तो दुवा असा दिसतो:

```
https://www.youtube.com/playlist?list=PL...
```

तिसऱ्या पाठात x² + 5x + 6 = 0 हे समीकरण अवयव पाडून सोडवताना फळ्यावर (x + 2)(x + 3) = 0 असे बरोबर लिहिले गेले, पण शेवटी मुळे 2 आणि 3 अशी सांगितली गेली. ती −2 आणि −3 हवी होती. ही चूक शेवटच्या अर्ध्या मिनिटातच असेल, तर संगणकावर यूट्यूब स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओच्या Editor मधून तेवढा तुकडा कापता येतो. तसे केल्यास दुवा बदलत नाही. बदल दिसायला मात्र काही वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा तपासावे. अचूक मुळे व्हिडिओच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहावी, कारण पाठ आता उत्तराआधीच संपेल.

चूक पाठाच्या मध्यात असेल आणि पुढचे सगळे गणित तिच्यावर उभे असेल, तर कापून भागणार नाही. तेव्हा तेवढाच पाठ पुन्हा चित्रित करून अनलिस्टेड म्हणून चढवावा, प्लेलिस्टमध्ये जोडावा आणि क्रम Manual ठेवून ओढत तिसऱ्या जागी न्यावा. त्यानंतर जुना पाठ प्लेलिस्टमधून काढून Private करावा. लगेच पुसून टाकू नये. नव्या पाठाचा आवाज नीट आला नाही असे नंतर लक्षात आले, तर जुना हाताशी असावा. हा क्रम उलटा केला आणि जुना आधी काढला, तर त्या संध्याकाळी प्लेलिस्ट उघडणाऱ्या मुलांना तिसरा पाठ दिसणारच नाही आणि ती दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जातील.

प्लेलिस्टचा आणखी एक फायदा ग्रामीण पालकांच्या दृष्टीने मोठा आहे. एकट्या दुव्याने उघडलेला व्हिडिओ संपला, की यूट्यूब त्याच्या निवडीचे दुसरे काहीतरी पुढे करते. प्लेलिस्टमधून उघडलेला पाठ संपल्यावर आपलाच पुढचा पाठ सुरू होतो, आणि मूल वर्गसमीकरणांतच राहते. शेवटच्या पाठानंतर हे संरक्षण संपते, आणि मधे येणाऱ्या जाहिराती तर आपल्या हातात नाहीतच.

एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. पाठ पंधरा मिनिटांहून मोठा असेल, तर चॅनेलचे खाते फोन क्रमांकाने पडताळून घेतल्याशिवाय तो चढत नाही. मुलांच्या दृष्टीनेही आठ-दहा मिनिटांचेच पाठ बरे, कारण अडलेला भाग परत पाहायला डेटा कमी लागतो.

आमच्या मुख्याध्यापकांनी सगळ्या व्हिडिओंखालील कॉमेंट बंद करायला सांगितल्या आहेत. मग मुलांनी शंका विचारायची कोठे?

मुख्याध्यापकांचे म्हणणे मला पटते. मुले घरच्या खात्यातून लिहितात, तेव्हा वडिलांचे नाव आणि कधी फोटोसुद्धा त्या ओळीशेजारी उमटतो. आणि दुवा बाहेर गेला असेल, तर परका माणूसही तिथे मुलांशी बोलू शकतो. स्टुडिओमध्ये व्हिडिओच्या तपशिलात खाली Show more दाबल्यावर कॉमेंटचा पर्याय मिळतो आणि तेथून त्या बंद करता येतात. आधीच चढवलेले वीस-पंचवीस पाठ असतील, तर संगणकावर Content या यादीत त्या सर्वांपुढे खूण करून Edit मधून हे काम एकदमच होते. जुन्या कॉमेंट ठेवून केवळ नव्या थांबवण्याचा पर्यायही आहे. शाळेसाठी मात्र पूर्ण बंदच बऱ्या.

पहिली ते चौथीच्या पाठांबाबत एक गोष्ट वेगळी आहे. चढवताना यूट्यूब ‘हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का’ असे विचारते आणि लहान मुलांसाठीच्या पाठाला ‘होय’ असेच उत्तर द्यावे लागते. ते दिले की कॉमेंट आपोआप बंद होतात आणि वैयक्तिक आवडीनुसारच्या जाहिरातीही लागत नाहीत. हे बंधन १३ वर्षांखालील मुलांसाठीच्या अमेरिकन कायद्यामुळे आले आहे. दहावीच्या पाठाला ‘होय’ म्हणण्याची गरज नाही; तेथे कॉमेंट हाताने बंद कराव्यात.

शंकांचे म्हणाल, तर कॉमेंट बंद केल्याने शिक्षकाचेही एक नुकसान होते: फळ्यावरची चूक दाखवून देणारी वाट बंद होते. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या वर्णनात एकच वाक्य लिहावे, ‘शंका आल्यास पाठाचा क्रमांक आणि मिनिट वहीत लिहून उद्या वर्गात आणावी.’ ‘पाठ ३, मिनिट ४, चिन्ह का बदलले?’ अशी नोंद वहीत आली, की शिक्षकाला तो क्षण चटकन सापडतो आणि एकच शंका दहा मुलांना आली असेल तर तेही समजते. कापसाच्या वेचणीत जी मुले आठ-आठ दिवस शाळेत येत नाहीत, त्यांनी तीच नोंद गटात न टाकता शिक्षकांना व्यक्तिशः पाठवावी. गटात विचारायला मुली विशेषतः कचरतात.

पाठ कोणी पाहिला आणि दुवा बाहेर गेला का, हे कळते का?

कोणी पाहिला हे कळत नाही, किती वेळा पाहिला गेला हे कळते. एकाच फोनवर तीन भावंडांनी मिळून पाहिलेला पाठ एकदाच मोजला जातो, त्यामुळे या आकड्यावरून हजेरी धरू नये.

दुवा बाहेर गेल्याचा अंदाज मात्र बांधता येतो. व्हिडिओच्या Analytics मध्ये प्रेक्षक कोठून आले याचा विभाग असतो. आपल्या वर्गाची मुले बहुधा बाहेरच्या दुव्यातून, थेट किंवा आपल्या प्लेलिस्टमधून आलेली दिसतील. तेथे ‘यूट्यूब शोध’ किंवा अनोळखी प्लेलिस्ट दिसू लागली, किंवा पस्तीस मुलांच्या वर्गाचा पाठ दोन दिवसांत काहीशे वेळा पाहिला गेला, तर वर सांगितल्याप्रमाणे तो Private करून नव्याने चढवावा. प्रेक्षक फारच थोडे असतील तर हा तपशील पुरेसा दिसत नाही, त्यामुळे तो कोरा आहे म्हणजे सर्व ठीक आहे असे मानू नये.

२०१५ मध्ये ठेवलेले माझे अनलिस्टेड पाठ आता मुलांना उघडत नाहीत. ते गेले का?

गेले नाहीत. १ जानेवारी २०१७ पूर्वी चढवलेले अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबने जुलै २०२१ मध्ये आपणहून Private केले, कारण दुवे तयार करण्याची पद्धत २०१७ मध्ये अधिक सुरक्षित झाली होती. आपल्या खात्यात शिरून ते पुन्हा अनलिस्टेड करता येतात. तरीही ते नव्याने चढवावेत असे मी सुचवेन, म्हणजे नव्या पद्धतीचा दुवा मिळेल. दहावीची पुस्तकेही दरम्यान बदलली आहेत, तेव्हा कोणता पाठ अजून चालतो हे पाहूनच तो प्लेलिस्टमध्ये घ्यावा.