केमोनंतरचा ताप: गोळीच्या आधी थर्मामीटर

प्रश्न: सिस्टर, आईला मुंबईत पहिली केमो देऊन आज सहावा दिवस आहे. आम्ही गुहागरजवळ राहतो. काल संध्याकाळी तिचे अंग कोमट लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, पावसाळी हवा आहे, पॅरासिटामॉल दे. देऊ का?

उत्तर: विचारल्याशिवाय देऊ नका. आधी थर्मामीटर लावा, आणि आताच लावा, कारण हाताला लागणारा कोमटपणा पुरेसा विश्वासार्ह नसतो. चहा किंवा पेज घेतल्यावर पंधरा मिनिटे थांबून, जिभेखाली ठेवून मोजा. काखेत मोजल्यास आकडा थोडा कमी येतो, हे लक्षात असू द्या.

केमोमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्या सर्वांत खाली जातात. म्हणजे तुमचे काळजीचे दिवस आता सुरू होत आहेत. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशीच नसल्या, तर पू धरत नाही, जखम फारशी लाल होत नाही, छातीत जंतुसंसर्ग असूनही कफ पडेलच असे नाही. अनेकदा ताप हीच एकमेव खूण उरते, आणि पॅरासिटामॉल नेमकी तीच पुसून टाकते.

माझ्या पाहण्यातले एक आजोबा होते. दहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांना 100.8 ताप आला. गोळी दिल्यावर तो 99 वर उतरला, म्हणून घरचे निश्चिंत झाले. रात्री हुडहुडी भरली, तेव्हा पुन्हा गोळी दिली. सकाळी ते असंबद्ध बोलू लागले, लघवी जवळजवळ बंद झाली आणि आमच्याकडे आणले तेव्हा वरचा रक्तदाब 80 होता, न्यूट्रोफिल 200. अतिदक्षता विभागात पाच दिवस काढून ते घरी गेले; पण संध्याकाळीच निघाले असते, तर ही वेळ बहुधा आली नसती, असे मला आजही वाटते.

म्हणून जिभेखाली 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप एकदा जरी दिसला, तरी मुंबईच्या रुग्णालयाला फोन करत करतच चिपळूणच्या रुग्णालयाकडे निघा. सकाळची वाट पाहू नका. ताप नसूनही हुडहुडी, धाप किंवा गुंगी असेल, तरीही निघा, कारण वयस्कर माणसांत आणि केमोसोबत स्टेरॉइड दिलेले असल्यास ताप चढतोच असे नाही. तिथे रांगेत बसू नका. “केमो चालू आहे, अमुक दिवस झाले, एवढा ताप आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि डिस्चार्ज कार्ड दाखवा. रक्ताचे नमुने घेऊन शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस शक्यतो तासाभरात सुरू व्हायला हवा. त्यासाठी तपासणीचे सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबायचे नसते.

तुमच्याकडून चिपळूण तासाभराहून अधिक लांब आहे आणि रात्री एसटीचा भरवसा नाही, तेव्हा वाडीतल्या गाडीवाल्याला आजच सांगून ठेवा. कालची गोळी दिली असेल, तर ती कधी दिली ते वहीत लिहा आणि मुंबईच्या रुग्णालयाला फोन करून कळवा.