बाण परत कुठे जातो? फ्लोचार्टच्या शंका

जर्नल सबमिट करायचे दिवस आले की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच उत्तरं देतोय.

इनपुट आणि हिशेब दोन्ही साध्या चौकोनात दाखवले तर चालतं का? (म्हापसा)

नाही. इनपुट-आउटपुटला तिरका चौकोन, हिशेबाला सरळ.

सर, `for` साठी कुठला आकार काढायचा? `for i in range(1, 6)` एका डब्यात लिहिलं तर मार्क कापले. (डिचोली)

`for` मध्ये तीन कामं लपलेली असतात, ती सुटी करायची. `i = 1` हा चौकोन लूपच्या आधी, `i <= 5` हा डायमंड, आणि `i = i + 1` हा चौकोन लूपच्या शेवटी. `range` मधला ६ धरायचा नसतो, म्हणून डायमंडमध्ये ५. या चित्रावरून परत कोड लिहिला की `while` तयार होतं, त्यात काही चूक नाही. फक्त लूप संपल्यावर `i` छापलात तर `for` मध्ये ५ दिसेल आणि `while` मध्ये ६. काही ठिकाणी षटकोन काढून `for` दाखवतात, तो तुमच्याकडे चालतो का ते तपासणाऱ्या मॅडमना आधी विचारा.

माझा प्रोग्राम बरोबर चालतो, उत्तर ६ येतं. पण माझा फ्लोचार्ट बघून मैत्रिणीने कोड लिहिला तर तो थांबतच नाही. कोणाचं चुकलं? फोटो पाठवलाय. (फोंडा, अकरावी)

```
i = 1
s = 0
while i <= 5:
    if i % 2 == 0:
        s = s + i
    i = i + 1
print(s)
```

तुझं चुकलं, तिने चित्रात होतं तेच लिहिलं. तुझ्या चित्रात `i % 2 == 0` च्या डायमंडमधून "हो" चा बाण `s = s + i` कडे, तिथून `i = i + 1` कडे आणि मग वर जातो, इथपर्यंत ठीक. पण "नाही" चा बाण तू थेट वरच्या डायमंडला नेऊन जोडलास. आता बोट ठेवून चाल. `i` १ आहे, विषम, म्हणून "नाही", बाण वर गेला, `i` अजून १ च, परत विषम, परत वर, आणि हे असंच चालत राहणार. मैत्रिणीने `i = i + 1` हे `if` च्या आत सरकवलं कारण तुझं चित्र तेच सांगत होतं.

"नाही" चा बाण `i = i + 1` च्या डोक्यावर यायला हवा, तिथे "हो" वाला बाणही येऊन मिळतो, आणि त्या चौकोनातून एकच बाण वर जातो. पायथनमध्ये जिथे `if` ची मोकळी जागा संपून ओळ डावीकडे येते ना, तीच ही दोन बाण मिळायची जागा. ती जागा चित्रात नीट दिसली नाही तर कोड लिहिणारा ओळ कुठे सरकवायची हे अंदाजाने ठरवतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चुका इथल्याच असतात.

चित्रावरून कोड लिहिताना आधी डायमंड बघू नका, आधी वर जाणारा बाण शोधा. तो ज्या डायमंडला लागतो तो `while`. उरलेल्या डायमंडचे दोन्ही फाटे वर जायच्या आधीच एकत्र आले तर ते `if`. "बाण फिरून त्याच डायमंडकडे आला म्हणजे लूप" असं मुलं एकमेकांना सांगतात ते अर्धवट आहे, लूपच्या आतल्या `if` कडेही आपण दर फेरीला परत येतोच की!

मग वहीत ड्राय रन करायचा. `i` १ ते ५ असताना प्रत्येक फेरीच्या शेवटी `s` ०, २, २, ६, ६ यायला हवा, `i` ६ झाला की बाहेर. पहिल्या दोन फेऱ्यांत `i` बदलला नाही तर तिथेच थांब आणि चित्र तुमच्या सरांना दाखव, जर्नलमध्ये उतरवल्यावर नाही.

क्लासवाले तयार फ्लोचार्टची झेरॉक्स विकतात, "व्हायव्हाला हेच येतं" म्हणतात. घेऊ का? (मडगाव)

घेऊ नका. व्हायव्हाला अट `i <= 5` ची `i < 5` केली तर काय होईल असं विचारलं की झेरॉक्स काही बोलत नाही (वरच्या प्रोग्रामला उत्तर ६ च राहतं, कारण ५ विषम आहे, पण `i <= 4` ची `i < 4` केली तर २ येतं). आणि सीनियर म्हणतात तसं आदल्या रात्री सॉफ्टवेअरमधून चित्र काढून चिकटवणं हे त्याहून वाईट. आपल्या मॅडमकडे आठवडाभर आधी कच्चं चित्र घेऊन जा.

डायमंड खाली आणि बाण वर चौकोनाला जातोय, हे काय? (वाळपई, डिप्लोमा)

`do-while`, आतलं काम एकदा तरी होणारच. सी मध्ये सरळ लिहिता येतं, पायथनमध्ये ते नाही, तिथे `while True:` लिहून शेवटी `if` मध्ये `break` टाकतात, पण `if` मध्ये थांबायची अट येते, म्हणजे डायमंडमधल्या अटीच्या उलट. परीक्षेला कुठली भाषा आहे ते सरांना विचारूनच लिहा.