पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची, तर दीड कोटी पुरतील का?

"माझं वय 36. घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतो, जुळे सोलापुरात स्वतःचं घर आहे. हातात 1 लाख 10 हजार येतात, त्यातले 50 हजार गुंतवतो आणि आतापर्यंत 25 लाख साठलेत. 45 ला दीड कोटी होतील. महिन्याचं आमचं 60 हजारांत भागतं. मग पुढं काम कशाला करायचं?"

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या या गृहस्थांचा हिशेब दहा टक्के परताव्यावर बेतलेला होता आणि आकडेमोड बरोबर होती. चुकत होती ती खर्चाची बाजू. महागाई सहा टक्के धरली, तर आजचे 60 हजार नऊ वर्षांनी सुमारे 1 लाख होतात, म्हणजे वर्षाला 12 लाख. दीड कोटी म्हणजे जेमतेम साडेबारा वर्षांचा खर्च, आणि पुढे जगायची वर्षं चाळीस. इतक्या लांब पल्ल्यासाठी मी निदान तीस वर्षांच्या खर्चाएवढी रक्कम मागतो. म्हणजे साडेतीन कोटींच्या वर.

त्यांचा चेहरा उतरला. सोबत आलेल्या वहिनींनी मात्र खर्चाची वही उघडली. साठातले 15 हजार गाडीचा हप्ता होता आणि तो वर्षभरात फिटणार होता. मुलीच्या शिक्षणासाठी सुकन्येचं खातं आधीच वेगळं होतं. म्हणजे खरा घरखर्च 45 हजार. कमी खर्चाचा फायदा इथे दुहेरी होतो. हप्त्याचे 15 हजार गुंतवणुकीत जातात, आणि निवृत्तीनंतरची गरजही वर्षाला 12 वरून 9 लाखांवर येते. बचत 65 हजारांवर नेऊन दरवर्षी पगाराबरोबर आठ टक्क्यांनी वाढवली, तर 45 ला दोन कोटींच्या आसपास जमतील. म्हणजे बावीस वर्षांचा खर्च. तीस अजून लांबच.

यानंतरचा धोका बहुतेकांच्या वहीत नसतोच. परतावा सरासरी किती मिळाला, यापेक्षा वाईट वर्षं कधी आली, हे महत्त्वाचं असतं. समजा दोन कोटींतून दरवर्षी सुरुवातीला 9 लाख काढले. पहिल्या वर्षी बाजार 35 टक्के पडला, मग 15 टक्के वाढला, मग 40 टक्के. तीन वर्षांनी उरतात 1 कोटी 73 लाख. तेच आकडे उलट क्रमाने आले, तर 1 कोटी 87 लाख. काहीच काढलं नसतं, तर दोन्हीकडे रक्कम सारखीच उरली असती. फरक पडतो तो पडत्या भावात युनिट विकून घर चालवल्यामुळे, कारण विकलेली युनिट पुढच्या तेजीत परत येत नाहीत. 35 टक्के ही अतिशयोक्ती नव्हे. 2008 या एका वर्षात निफ्टी निम्म्याहून खाली आला होता.

म्हणून नोकरी सोडण्याआधी चार वर्षांचा खर्च एफडी आणि लिक्विड फंडात वेगळा ठेवायला सांगितलं. बाजार पडलेल्या वर्षी घर त्यातून चालवायचं, शेअरच्या फंडाला हात लावायचा नाही. बाजार सावरला की कप्पा पुन्हा भरायचा. या पैशावर परतावा कमी मिळतो, तो सोसायचा.

आजारपणाचं विचारलं तर म्हणाले, "कंपनीचा विमा आहे की!" पण तो नोकरीबरोबर संपतो. त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. पॉलिसी 45 ला घेतली, तर हा थांबायचा काळ बिनपगारी वर्षांत येणार, आणि तोवर आजार वाढले तर विमा नाकारलाही जाऊ शकतो. आजच घेतली, तर तो काळ कंपनीचा विमा हाताशी असतानाच सरतो. दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर, वर्षाचा खर्च ठरलेल्या रकमेपलीकडे गेला की वरचा भाग देणारा सुपर टॉप-अप घ्या, खोलीभाड्याला मर्यादा नसेल तीच निवडा, कारण मोठ्या ऑपरेशनला पुणं गाठायची वेळ आली तर तिथली खोली महाग पडते. अर्जात रक्तदाब लिहाच. लपवला तर दावा नेमका गरजेच्या वेळी अडकतो. वयाबरोबर हप्ता घरखर्चापेक्षा वेगाने वाढतो, म्हणून तो 45 हजारांत न धरता त्याची वेगळी तजवीज करायची. आई 71 वर्षांच्या आहेत. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं आयुष्मान कार्ड त्यांच्यासाठी अजून काढलेलं नव्हतं. त्यात 5 लाखांपर्यंतचे उपचार येतात.

शेवटी मी त्यांना विचारलं, "तुम्हाला काम नको आहे की ही नोकरी नको आहे?" बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "रात्रीचे कॉल नकोत." मग मार्ग निघाला. 45 ला पूर्णवेळ नोकरी सोडायची, पण पुढची सहा-सात वर्षं अर्धवेळ कामातून साधारण 4 लाख कमवायचे. मग साठ्यातून वर्षाला 9 ऐवजी 5 लाखच निघतात, अडीच टक्के. पहिली, सर्वांत नाजूक वर्षं अशी निभावतात. बावन्नच्या सुमारास साठा त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या निदान पंचवीसपट असेल, तर अर्धवेळ कामही थांबवायचं. नसेल, तर आणखी एक वर्ष करायचं. विम्याचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात भरला.