ल्याँच्या डिझायनरचं कोटेशन आणि लेबलावरचे हक्क

प्रश्न : कुडाळला आमचा कोकम सरबताचा छोटा उद्योग आहे. पॅरिसच्या एका आयातदाराने माल घ्यायचं कबूल केल्यावर लोगो आणि लेबलाचं काम ल्याँमधल्या एका स्वतंत्र डिझायनर बाईंना दिलं. मला फ्रेंच बऱ्यापैकी येतं, म्हणून ई-मेल मीच लिहिला : लोगो व लेबल, शक्य तितक्या लवकर, आमचं समाधान होईपर्यंत बदल, सगळं मिळून 1,200 युरो. त्यांनी कोटेशन पाठवलं, मी सही करून 30 टक्के भरले. आता तिसऱ्या फेरीच्या बदलांचे 120 आणि 250 मिली व 1 लिटरच्या लेबलांचे 360 युरो त्या जास्त मागतात. मूळ फाइल देत नाहीत, आणि लेबल दुसऱ्या कुणाकडून बदलून घेता येणार नाही म्हणतात. उरलेले 70 टक्के रोखून धरू का? माहितीपत्रकाचं भाषांतरही एका फ्रेंच अनुवादिकेला द्यायचं आहे. तो ई-मेल कसा लिहू? (कोटेशन जोडलं आहे.)

उत्तर : रोखून धरू नका. कोटेशनमध्ये एक लोगो, 500 मिलीचं एक लेबल, बदलांच्या दोन फेऱ्या आणि छपाईची पीडीएफ एवढंच आहे, आणि ते सगळं तुमच्या हाती आलेलं आहे. म्हणजे राहिलेले 840 युरो देणं लागतं. मुदत ठरलेली नसेल तर फ्रान्सच्या व्यापारी संहितेप्रमाणे काम पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यानंतर व्याज सुरू होतं आणि वसुलीखर्चाचे ठोक 40 युरो वर चढतात. हक्कांसाठी दबाव आणायला म्हणून ही रक्कम अडवलीत तर करार मोडणाऱ्या तुम्ही ठराल, आणि मग बोलणीच तुमच्या हातून जातील.

फ्रान्सचाच कायदा का, असं तुम्ही विचाराल. कोटेशनमध्ये कुठला कायदा लागू होईल ते लिहिलेलं नाही. अशा वेळी युरोपीय संघाच्या 'रोम 1' नियमानुसार सेवेच्या कराराला सेवा देणाऱ्याच्या राहत्या देशाचा कायदा लागतो. बाई ल्याँच्या, म्हणून कायदा फ्रान्सचा. पुढच्या करारात हे कलम मागता येईल, पण दीड हजार युरोच्या कामासाठी कुडाळच्या कोर्टावर अडून बसलात तर चांगला डिझायनर मिळायचा नाही.

आता 'समाधान होईपर्यंत बदल'. तुमचा ई-मेल हा तुमचा प्रस्ताव होता. त्याला जसाच्या तसा होकार आला असता तर तुमचं वाक्य करारात उतरलं असतं. त्यांनी मात्र दोनच फेऱ्या लिहिल्या. फ्रेंच दिवाणी संहितेचं 1118 वं कलम सांगतं की प्रस्तावाशी न जुळणारा होकार हा होकार नसतो, फार तर तो नवा प्रस्ताव असतो. त्या नव्या प्रस्तावाखाली 'बाँ पूर आकोर', म्हणजे मान्य आहे, असं लिहून तुम्ही सही केलीत. करार तिथे झाला आणि तुमचं वाक्य ई-मेलमध्येच राहिलं. तिसऱ्या फेरीचे 120 युरो कोटेशनमधल्या जादा फेरीच्या दरानेच लावलेले आहेत. ते देऊन टाका.

360 चं तसं नाही. दोन जादा मापांची लेबलं तुम्ही एका ओळीच्या ई-मेलने मागवली, त्यांनी ती केली, किंमत कुणीच काढली नाही. सेवेच्या करारात किंमत आधी ठरली नसेल तर काम करणारा ती ठरवू शकतो, पण वाद झाला तर ती का लावली हे त्यानेच पटवून द्यायचं असतं (कलम 1165). त्यामुळे नकार देऊ नका, तपशील मागा : किती तास, कोणत्या दराने, तयार लेबलाचं माप बदलण्यापलीकडे काय केलं. इथे घासाघीस करायला तुम्हाला कायदेशीर जागा आहे. या रकमेची बोलणी मी हक्कांच्या बोलण्यांबरोबर एकत्र करीन.

कारण खरी अडचण हक्कांची आहे, आणि तिचा उल्लेख तुम्ही शेवटी ओझरता केला आहे. पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं, असं आपल्याकडचे बहुतेक उद्योजक धरून चालतात. फ्रान्समध्ये रचना करणाऱ्याचा हक्क रचनेबरोबरच जन्मतो आणि काम कुणी पैसे देऊन करवून घेतलं म्हणून तो सरकत नाही. फाइल हातात असणं आणि हक्क असणं याही दोन वेगळ्या गोष्टी. हक्क सरकतो तो लेखी करारानेच. तिथल्या बौद्धिक संपदा संहितेचं एल 131-3 कलम मागतं की दिलेला प्रत्येक हक्क वेगळा लिहावा आणि वापर किती, कशासाठी, कुठे, किती काळ हेही सांगावं. तुमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात एकच वाक्य आहे : वापर 500 मिलीच्या बाटलीवर, फ्रान्समध्ये. म्हणजे आयातदाराने उद्या बेल्जियमला माल पाठवला तर तोही या परवानगीबाहेर. छापखान्यातल्या डीटीपीवाल्याकडून लेबल बदलून घेतलंत तर परवानगीशिवाय केलेलं रूपांतर होईल, आणि फ्रान्समध्ये ते हक्कभंगात मोडतं.

भारतीय कायदा लावून तुमची फारशी सुटका झाली नसती. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. फ्रान्ससाठी केलेल्या लेबलाला त्याचा उपयोग शून्य.

बाई कुडाळपर्यंत येऊन दावा लावतील का? अवघड आहे. फ्रेंच कोर्टाचा निकाल भारतात थेट बजावता येत नाही, त्यासाठी इथे वेगळा दावा लावावा लागतो. पण माल पॅरिसच्या दुकानांत असेल. तिथे हक्कदाराला कोर्टाच्या परवानगीने माल पंचनामा करून जप्त करवता येतो. त्याची झळ आधी आयातदाराला बसेल आणि तो तुमच्याकडून माल घेणं थांबवेल. लोगो तिथे ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा विचार असेल तर त्याआधीच हक्क घ्या. डिझायनरचा आधीचा हक्क दाखवून अशी नोंद रद्द करवता येते.

तेव्हा त्यांच्याकडे मूळ करारात भर घालणारा पुरवणी करार मागा, फ्रेंचमध्ये त्याला 'आव्नाँ' म्हणतात. 'सर्व हक्क दिले' या एका ओळीवर समाधान मानू नका. ती फ्रेंच कोर्टात टिकेल यावर मी पैज लावणार नाही. छापण्याचा आणि प्रती काढण्याचा हक्क वेगळा लिहा. संकेतस्थळावर, प्रदर्शनात, जाहिरातीत दाखवण्याचा वेगळा. माप, भाषा आणि घटकांची यादी बदलण्याचा तिसरा, आणि हे बदल दुसऱ्या कुणाकडून करून घेण्याची मुभा त्यातच स्पष्ट लिहा. उत्पादन म्हणून 'कोकम सरबत' एवढंच न लिहिता आगळ, सोलं असं पुढे जे येणार असेल तेही घाला. प्रदेश म्हणून युरोपीय संघ, स्वित्झर्लंड आणि भारत, मुदत निदान दहा वर्षं. या हक्कांची किंमत डिझाइनच्या किमतीपासून वेगळी दाखवा. मूळ फाइलही याच करारात मागा, कोणत्या प्रकारची आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहून. आजच्या कोटेशनमध्ये तिचं नाव नाही, त्यामुळे ती न देण्यात बाईंनी काही चूक केलेली नाही.

एक गोष्ट कितीही पैसे देऊन मिळणार नाही : रचनेवर नाव लावण्याचा आणि तिची मोडतोड होऊ न देण्याचा त्यांचा हक्क. फ्रान्समध्ये तो विकता येत नाही. लेबलाचा रंग पार बदलायचा असेल तर त्यांना आधी विचारणं शहाणपणाचं.

आता अनुवादिकेचा ई-मेल. तुमचं इंग्रजी माहितीपत्रक 1,850 शब्दांचं आहे आणि त्या शब्दाला 12 सेंट मागतात. कामाची व्याप्ती लिहिताना आधी शब्द कुणाचे मोजायचे ते ठरवा. मूळ मजकुराचे मोजले तर रक्कम आजच पक्की होते, 222 युरो. फ्रेंच मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने लांबतो, म्हणून भाषांतराचे शब्द मोजले तर तो आकडा काम संपेपर्यंत कळणार नाही. मजकूर अंतिम आहे असं लिहा आणि तसा तो असू द्या. नंतर घातलेला परिच्छेद त्याच दराने वेगळा, हेही आधीच लिहून ठेवा. कशात काय मिळणार हेही सांगा : वर्ड फाइल, आणि डिझायनरने पान लावल्यावर त्या पीडीएफची एकदा तपासणी. ही तपासणी लोक हमखास विसरतात आणि मग ओळीच्या शेवटी चुकीच्या जागी तुटलेले शब्द तसेच छापले जातात.

'शक्य तितक्या लवकर' या शब्दांवर कुणाला उशिराबद्दल धरता येत नाही. वार, तारीख आणि वेळ घाला, आणि वेळ पॅरिसची, कारण तिथलं घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास असतं आणि हिवाळ्यात साडेचार. त्यांच्या शंकांना तुम्ही दोन कामकाजी दिवसांत उत्तर द्याल, न दिल्यास तेवढीच मुदत पुढे सरकेल, असंही लिहा. ही अट तुमच्यावर बंधन घालते, पण उशीर कुणामुळे झाला याचा वाद तीच मिटवते. ऑगस्टची तारीख टाळा, निम्मा फ्रान्स तेव्हा सुटीवर असतो. पैसे बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत, बँकेचा पाठवणी खर्च कुणाचा ते लिहून. फ्रान्समध्ये भाषांतरालाही रचनेचं संरक्षण मिळू शकतं, म्हणून हक्कांचा परिच्छेद पुरवणी करारातून इथे उतरवून घ्या.

पत्रकात घटकांची यादी आणि ॲलर्जीच्या सूचना असतील तर त्या कायद्याला धरून आहेत याची हमी अनुवादिकेकडून मागू नका. ती त्या देणार नाहीत आणि दिली तरी कामाची नाही. युरोपीय संघाच्या 1169/2011 या नियमानुसार संघाबाहेरच्या उत्पादकाच्या मालावरील माहितीची जबाबदारी आयातदारावर असते. म्हणून ई-मेलमध्ये स्पष्ट लिहा की हा भाग आयातदार तपासून लेखी मंजूर करेल, त्याला किती दिवस दिलेत, आणि त्याने सुचवलेले बदल 222 युरोंत धरलेत की नाहीत.

या आठवड्यात 960 युरो भरा आणि त्याच दिवशीच्या ई-मेलमध्ये 360 चा तपशील व पुरवणी कराराचा मसुदा मागा. त्या ई-मेलवर 'करार मान्य' असा अर्थ निघेल असं काही लिहू नका. मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा.