ॲपने दिलेला व्यायामाचा प्लॅन कितपत पाळावा?

वय ४२, बैठं काम, घरी १० किलोपर्यंतचे डंबेल्स. ॲपने आठवड्याला ४ दिवसांचा प्लॅन दिलाय, पण लंजेस करताना गुडघा दुखतो. तसाच चालू ठेवू का?

उत्तर:

नाही, लंजेस आधी बदला. ॲपला तुमचं वय, वजन, दिवस आणि साधनं कळतात आणि त्यावरून ते तयार साच्यातले व्यायाम निवडतं. पुढे नोंदवलेल्या रेप्स बघून वजन वाढवतं. शेवटच्या ३ रेप्स तुम्ही पाठ वाकवून कशाबशा काढल्यात, हे त्याला दिसत नाही. त्याच्या लेखी १२ म्हणजे १२! म्हणून नीट झालेल्याच रेप्स नोंदवा आणि अजून २ जमल्या असत्या, असं वाटेल तिथे थांबा.

पुढे पाय टाकून लंज करण्याऐवजी मागे पाय टाकून बघा. गुडघ्यावर बहुधा कमी ताण येतो. तरीही दुखलं तर खुर्चीवर बसून उठण्याचे स्क्वॉट करा. गुडघा सुजत किंवा अडकत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

आता आठवड्याचे सेट मोजा. ढकलण्याचे (पुशअप, प्रेस) एकीकडे, ओढण्याचे (रो) दुसरीकडे. घरच्या प्लॅनमध्ये पुशअपचा मारा असतो, कारण त्याला साधन लागत नाही. समजा १२ विरुद्ध ४ निघाले, तर पुशअपचे ४ सेट काढून तिथे डंबेल रो टाका, म्हणजे ८-८ होतील. दिवसभर कीबोर्डवर वाकणाऱ्याला ओढण्याचा व्यायाम जास्तच हवा.

दोन्ही बदल एकाच आठवड्यात करू नका, गुडघा कशाने सुधारला ते कळणार नाही.